सिप पॅनलचं घर: सांध्याला उदबत्ती लावून बघा

दोन्ही बाजूंनी लाकडाच्या चपट्या कपच्यांचे बोर्ड आणि मधे थर्माकोल, अशा सिप पॅनलच्या भिंती काही दिवसांत उभ्या राहतात. घाईत बिघडतो तो सांधा. पावसाळ्यात नागपूरची दमट हवा एसीने गार केलेल्या खोलीकडे फटीतून शिरते, गार बोर्डाला टेकून ओलसर होते आणि बोर्डाची कड फुगते.

म्हणून दोन पॅनलांमधली जोडपट्टी बसवताना तिच्या दोन्ही बाजूंना सीलंटची सलग ओळ घाला. बोर्डांच्या कडांमध्ये ३ मिमी फट ठेवा; घट्ट भिडवले, तर फुगल्यावर सांध्यावर उंचवटा येतो. तो तळहात फिरवला की लगेच कळतो.

प्लास्टरबोर्ड लावण्याआधी दारं-खिडक्या बंद करून एक्झॉस्ट फॅन चालू करा आणि पेटती उदबत्ती सांध्यालगत हळूहळू न्या. धूर जिथे आत ढकलला जाईल तिथे गळती आहे. भिंत-छताचा कोपरा हमखास सापडतो. आतून मात्र प्लास्टिकचा कागद किंवा विनाइल वॉलपेपर लावू नका, बाहेरून आलेला ओलावा तिथेच अडकतो.

छताचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, कंपनीच्या भाराच्या तक्त्यावरूनच ठरवा. खोली ४.२ मीटर रुंद असेल, तर मधोमध तुळई टाकून गाळा २.१ मीटरवर आणणं मला बरं वाटतं. थर्माकोल कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू दबतो, छत वाकतं आणि सीलंट सुटून पाणी पुन्हा त्याच सांध्यात उतरतं.