पहिल्या कादंबरीचं क्वेरी लेटर: हूक तीन वाक्यांत, तुलनेची पुस्तकं दोन

कादंबरी नागपुरातल्या प्रकाशकाला द्यायची असो की पुण्या-मुंबईच्या, संपादकाच्या हाती आधी पडतं ते क्वेरी लेटर, म्हणजे कादंबरीची ओळख करून देणारं पत्र. इंग्रजीत हे पत्र साहित्यिक एजंटाकडे जातं. मराठीत मधला माणूस सहसा नसतो, ते थेट संपादकाच्या टेबलावर जातं. हस्तलिखित वाचायला घ्यायचं की नाही, एवढाच निर्णय त्यावरून व्हायचा असतो, म्हणून पत्र अडीचशे ते तीनशे शब्दांत, एका पानात बसवा. त्यात चार गोष्टी येतात: हूक म्हणजे संपादकाला कथेकडे खेचणारी मोजकी वाक्यं, कादंबरीची माहिती (नाव, प्रकार, शब्दसंख्या), तुलनेची पुस्तकं आणि लेखकाची ओळख. अडतं ते बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत.

उदाहरणाला एक कल्पित कादंबरी घेऊ. नाव ‘डोंगा’, शब्द 58,000, कथा नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात, गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या एका गावात घडते.

हूक

पहिल्या खर्ड्यात बहुतेकजण असं लिहितात: “ही कादंबरी धरणग्रस्तांच्या व्यथा-वेदनांचं आणि व्यवस्थेच्या निर्दयतेचं विदारक चित्रण करते.” वाक्य खोटं नाही. पण यात माणूस नाही आणि काही घडतही नाही. हे वाक्य धरणावरच्या कुठल्याही कादंबरीला लावता येतं. तीच ओळखायची खूण आहे: हूकमधून कादंबरीचं नाव काढून दुसरं टाकलं आणि काही बिघडलं नाही, तर तो हूक नाही, तो विषय आहे.

हूक लिहिण्याआधी कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं एकेका ओळीत लिहा. माणूस कोण आणि त्याच्याकडे काय नाही? त्याच्यासमोर अचानक काय येतं? आता त्याला कशातून काय निवडायचं आहे, आणि कधीपर्यंत? मग तिन्ही ओळी जोडा:

“गोसेखुर्दच्या पाण्यात गाव जाणार म्हटल्यावर सातबारावाले मोबदल्याच्या रांगेत लागतात, कौसल्याच्या ढिवर बापाकडे आहे फक्त डोंगा आणि नदी. बारावी झालेल्या कौसल्याला घरमोजणीच्या पथकात लिखाणाचं काम मिळतं आणि मोबदल्याची यादीच तिच्या हाती येते. त्या यादीत बापाचं नाव घुसवायचं तर शेजारच्या विधवेचं गाळावं लागतं, आणि पावसाळ्याला तीन आठवडे उरलेत.”

हे 46 शब्द झाले. साठच्या वर जाऊ देऊ नका. लांबतं ते सहसा पात्रांच्या नावांमुळे. इथे नाव एकाच पात्राला आहे, बाकीचे ‘बाप’ आणि ‘शेजारची विधवा’ म्हणूनच येतात. संपादकाला तीन वाक्यांत चार नावं लक्षात ठेवायला लावली, की तो कौसल्यालाही विसरतो. कौसल्या शेवटी काय करते, तेही इथे सांगितलेलं नाही. हूक निवडीच्या उंबरठ्यावर थांबतो. शेवट सांगायची जागा सारांशात, आणि प्रकाशकानं सारांश मागितला असेल तर तिथे मात्र तो लपवू नये. ‘शेवट पुस्तकातच वाचावा’ असं सारांशात लिहिणाऱ्याला शेवट जमला आहे की नाही, हे संपादकाला कळायला मार्ग उरत नाही.

तुलनेची पुस्तकं

तुलना म्हणजे बरोबरी नव्हे. हे पुस्तक दुकानात कोणत्या पुस्तकाशेजारी ठेवता येईल आणि कोण उचलेल, एवढंच त्यातून सांगायचं असतं. पुस्तकं दोन पुरेत, आणि दोन्ही शक्यतो गेल्या पाच-सात वर्षांतली.

‘डोंगा’साठी पहिलं नाव सुचेल ते विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’चं. विषय तोच, धरणग्रस्तांचा. पण तिला 1992 मध्ये साहित्य अकादमी मिळाली. आज कोणता वाचक नवं पुस्तक घेतो, हे तीन दशकांपूर्वीच्या आणि सर्वमान्य झालेल्या कादंबरीवरून समजत नाही, शिवाय नवा लेखक स्वतःला कुठे बसवतो आहे असाही प्रश्न पडतो.

दुसरं नाव येईल सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’चं, दोन्ही विदर्भातल्या म्हणून. इथे नीट बघा. ‘बारोमास’ पश्चिम विदर्भातल्या कोरडवाहू शेतीची आणि वऱ्हाडी बोलीची कादंबरी आहे. ‘डोंगा’ वैनगंगेच्या काठची आहे, झाडीपट्टीच्या कडेची. धान, तलाव, मासे आणि झाडीबोली. विदर्भ जाणणाऱ्या संपादकाला ही चूक लगेच दिसते, आणि लेखकाला स्वतःचा मुलूख माहीत नाही असं वाटायला तेवढं पुरतं.

कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ इथे खरी उपयोगी आहे. धरणामुळे विस्थापित झालेल्यांची ही कादंबरी, 2023 ची साहित्य अकादमी मिळालेली, म्हणजे आजच्या वाचकाच्या हातातली. पण नुसतं ‘रिंगाणसारखी’ म्हणून सोडू नका; कशात सारखी आणि कुठून वेगळी, हे त्याच वाक्यात सांगा. दुसरं पुस्तक विषयाच्या बाजूनं न घेता नजरेच्या बाजूनं घ्या. मुलीच्या शिक्षणाची झुंज सांगणारी सुनीता बोर्डे यांची ‘फिन्द्री’ त्या जागी बसते. मग परिच्छेद असा होतो:

“‘रिंगाण’च्या वाचकाला पाण्याखाली गेलेलं गाव ओळखीचं आहे, ‘डोंगा’ त्याच्या आधीचे तीन आठवडे सांगते, गाव अजून जागेवर असतानाचे. शिकून पुढे जाणाऱ्या मुलीची नजर ‘फिन्द्री’च्या वाचकाला जवळची वाटेल, इथे तिच्या शिक्षणानंच तिला पेचात टाकलं आहे.”

तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही पुस्तकांची नावं बोटानं झाका. उरलेल्या वाक्यांतून तुमच्या कादंबरीबद्दल काही कळत असेल तर परिच्छेद चालेल. नाहीतर ती नुसती नावांची यादी आहे.

पुस्तकं शोधायला सीताबर्डीवरच्या दुकानात किंवा ग्रंथालयात जा आणि प्रत हातात घेऊन सुरुवातीचं श्रेयपान उघडा. तिथलं ‘पहिली आवृत्ती’चं वर्ष घ्या. पुनर्मुद्रणाचं वर्ष बघून तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक अलीकडचं समजणं ही नेहमीची चूक आहे. प्रकाशकाचं नावही तिथेच टिपून ठेवा. ज्यांना पत्र पाठवताय त्यांचंच पुस्तक असेल तर ‘आपण प्रकाशित केलेली’ असं लिहा; दुसऱ्याचं असेल तर फक्त लेखक आणि पुस्तकाचं नाव पुरे. आणि न वाचलेलं पुस्तक तुलनेला घेऊ नका. त्यावरचा पहिलाच प्रश्न फोनवर येतो.

उरलेलं पत्र

माहितीचं एक वाक्य: “‘डोंगा’ ही 58,000 शब्दांची सामाजिक कादंबरी पूर्ण झाली आहे.” पानं सांगू नका, फॉन्ट बदलला की पानं बदलतात. ‘पूर्ण झाली आहे’ हे शब्द मात्र हवेतच, कारण अर्धवट कादंबरीवर नवोदिताला होकार मिळणं अवघड असतं. ओळख दोन वाक्यांत: कुठे राहता, आणि या कादंबरीशी जोडणारं काही असेल तर ते. कुहीत पाच वर्षं शिक्षक होतात, हे सांगण्यासारखं आहे. शाळेतल्या निबंधस्पर्धेचं बक्षीस नाही.

प्रत्येक प्रकाशकाला पत्र वेगळं जातं, आणि बदलतो तो तुलनेचाच परिच्छेद. ईमेलच्या विषयात ‘कादंबरी: डोंगा, 58,000 शब्द’ एवढंच लिहा. पत्र मेलमध्येच, युनिकोडमध्ये टाइप करा. जोडलेल्या फाइलमधला जुना फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला, तर उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. नमुन्याची प्रकरणं पाठवाल ती म्हणूनच पीडीएफमध्ये, आणि पहिल्या पानापासून सुरू होणारी.