काड्या ‘आपल्याकडे’ म्हणजे कोणाकडे? ठरल्याचा मेसेज पाठवताना या चुका टाळा

मागच्या हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरताचा बेत होता. माणसं साठ. पंधरा किलो भरताची हिरवी वांगी, कांद्याची पात, लसूण, मिरच्या, शेंगदाणे आणि पुऱ्यांसाठी कळण्याचं पीठ, सगळं वेळेत आलं. आचारी अप्पा खाली उतरले, वांग्यांना तेलाचा हात लावला आणि विचारलं, “काड्या कुठे टाकल्यात भाऊ?” आमची समजूत होती की काड्या तेच आणणार. वांगी भाजायला लागणाऱ्या तुरीच्या काड्यांची एक मोळीसुद्धा मळ्यात नव्हती. अंधार पडल्यावर शेजारच्या शेतातून काड्या मागून आणेपर्यंत पंगत साडेनऊला बसली आणि लहान मुलं तोवर पेंगुळली होती.

रात्री मोबाइल उघडून मी फोनवर ठरलेलं लिहून अप्पांना पाठवलेला माझाच मेसेज वाचला. त्यात लिहिलं होतं, “काड्या आपल्याकडे असतील.” मला म्हणायचं होतं, ‘तुमच्याकडे’. आदराने लिहिलं म्हणून ‘आपल्याकडे’ झालं. अप्पांनी वाचलं, ‘आपल्याकडे, म्हणजे मळ्यात’. दोघांचंही वाचन मराठीत बरोबरच होतं, म्हणून तर कोणालाच शंका आली नाही.

तेव्हापासून ठरल्याच्या मेसेजमध्ये मी ‘आपण’ आणि ‘आपल्या’ हे शब्द लिहितच नाही. ‘आपण’ म्हणजे तुम्ही, आपण म्हणजे आपण सगळे, आणि कधी कधी आपण म्हणजे मी स्वतः. बोलताना चेहऱ्यावरून, हाताच्या इशाऱ्यावरून अर्थ कळतो, मोबाइलवर तो इशारा नसतो. तसंच ‘भांडी आणली जातील’, ‘पाण्याचं बघून घेऊ’, ‘वाढपी होतील’. या तिन्ही वाक्यांत काम आहे, पण करणारा माणूस नाही. कामापुढे नाव किंवा नातं लिहा: काड्या अप्पा आणतील, पाण्याचे जार मी, वाढायला काकांची मुलं. उद्धटपणा वाटेल अशी भीती असेल तर सुरुवातीला ‘नमस्कार अप्पा’ लिहा. आदर तिथे पुरेसा होतो.

वार आणि तारीख दोन्ही हवेत

शुक्रवारी २ जानेवारीला फोनवर ‘पुढच्या रविवारी’ असं ठरलं, तर एकाच्या डोक्यात ४ तारीख असते आणि दुसऱ्याच्या ११. ‘परवा’ तर आपल्याकडे मागचाही असतो आणि पुढचाही. ‘उद्या सकाळी’ असं रात्री पावणेबाराला पाठवलं आणि समोरच्याने ते सकाळी उठून वाचलं, की त्याचा उद्या एक दिवस पुढे सरकतो. म्हणून ‘रविवार, ११ जानेवारी २०२६’ असं पूर्ण लिहा. वार लिहिण्याचा आणखी एक उपयोग आहे. तारीख टाइप करताना आकडा चुकला तर वार जुळत नाही, आणि वाचणारा लगेच विचारतो. नुसती तारीख चुकली तर ती चुकीचीच पक्की होते.

वेळ कशाची?

‘७ वाजता’ एवढंच लिहिलं तर आचारी सातला येतो आणि पाहुणेही सातला. आम्हाला सातला पंगत हवी होती. त्यासाठी साडेचारला काड्या पेटायला हव्यात आणि अप्पा चारला मळ्यात हवेत, कारण वांगी भाजणं, सोलणं, ठेचणं आणि फोडणी ही एकामागून एक होणारी कामं आहेत. आता मी वेळ तीन ठिकाणी लिहितो: पोहोचायची, चूल पेटायची, पंगतीची. सकाळ, दुपार, संध्याकाळ हा शब्दही सोबत असतो. मध्यरात्रीनंतरच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्याला घ्यायला जायचं असेल तर आणखी जपा. ‘शनिवारी रात्री साडेबाराला’ म्हटलं की तिकिटावरची तारीख रविवारची असते. तिथे ‘शनिवार संपून रविवार लागल्यावर, ११ तारखेला रात्री १२.३०’ एवढं लांब लिहावं लागतं, आणि तसं लिहावंच.

नुसतं गावाचं नाव पुरत नाही

आमचा मळा वाघोद्याला. आता सावदा-रावेर रस्त्यावर मोठं वाघोदा आहे, लहान वाघोदाही आहे, आणि रावेरजवळ वाघोड हे वेगळंच गाव आहे. फोनवर वाघोदा आणि वाघोड एकसारखंच ऐकू येतं. खान्देशात बुद्रुक-खुर्दच्या जोड्या भरपूर, म्हणून गावासोबत तालुका, कोणत्या रस्त्यावर आणि कुठून वळायचं ते लिहा.

लोकेशन पाठवतानाची चूक तर मी कितीदा पाहिली आहे. माणूस जळगावला घरी बसून ‘सध्याचं लोकेशन’ पाठवतो, आणि टेम्पो त्याच्या घरासमोर येऊन उभा राहतो. नकाशावर मळ्याची जागा शोधून तीच पाठवा, किंवा आधी कधी मळ्यात गेलात तेव्हाच तिथलं लोकेशन पाठवून ठेवा. लाइव्ह लोकेशन ठरावीक वेळाने बंद होतं, ते आठवडाभर आधी पाठवून काही उपयोग नाही.

आता आमचा मेसेज साधारण असा असतो:

> नमस्कार अप्पा. फोनवर ठरलं ते असं:
> रविवार, ११ जानेवारी २०२६.
> तुम्ही मळ्यात: दुपारी ४. काड्या पेटवणं: ४.३०. पंगत: संध्याकाळी ७. माणसं ६०.
> जागा: मोठं वाघोदा (ता. रावेर), सावदा-रावेर रस्ता, आमचा मळा. लोकेशन खाली.
> तुम्ही आणणार: तुरीच्या काड्या, कढया, दोन मदतनीस.
> मी आणणार: वांगी १५ किलो, बाकी सगळा किराणा, पिण्याचं पाणी.
> काकांची मुलं: वाढणं, पत्रावळी.
> काड्या किती आणाल आणि कशातून, तेवढं लिहून पाठवा.

शेवटची ओळ मुद्दाम आहे. ‘ठीक आहे ना?’ विचारलं की अंगठा येतो, आणि अंगठा म्हणजे मेसेज पाहिला एवढंच. जिथे घोळ व्हायची भीती आहे, नेमकं तिथलंच उत्तर मागा. ‘दोन मोळ्या, माझ्या टेम्पोत’ असं उत्तर आलं की समजावं, वाचलं आहे आणि मान्यही आहे. ‘काड्या? त्या तुमच्याकडून ना?’ असं आलं तर फारच चांगलं, घोटाळा सात दिवस आधी सापडला.

काही आचारी मेसेज वाचत नाहीत, त्यांचा मोबाइल मुलगा बघतो. अशा वेळी मेसेज मुलाला पाठवून अप्पांना फोन करावा आणि त्यांच्याच तोंडून यादी ऐकावी. दोन दिवस आधीच्या फोनवरही ‘सगळं ठीक ना?’ न विचारता ‘अप्पा, काड्या भरल्या का?’ असं विचारावं.

बदल झाला तर जुना मेसेज दुरुस्त करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज बदलता येतो, पण ज्याने तो आधीच वाचला त्याला नव्याने घंटी वाजत नाही. तो जुनीच वेळ धरून बसतो. म्हणून पूर्ण मेसेज पुन्हा पाठवा. पहिल्या ओळीत ‘बदल: पंगत आता ८ ला. आधीचा मेसेज धरू नये’ असं लिहा आणि ज्या ज्या वेळा त्यामुळे सरकतात त्या सगळ्या नव्याने लिहा, कारण पंगत तासाने पुढे गेली की काड्या पेटवायची वेळही साडेपाचवर जाते.