आकृती नसलेला प्रश्न

दहावी-बारावीच्या मुलांच्या शंका फोनवर सोडवायच्या कामाला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक मेसेज आला: ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे 2, 3 आणि 6 ओहमचे रोध 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडले आहेत. 2 ओहममधून किती धारा वाहेल?’ आकृती मात्र आलीच नव्हती. 3 आणि 6 समांतर, त्यांना 2 एकसर, अशी नेहमीची जोडणी मी मनानेच धरली. एकूण रोध 4 ओहम, म्हणून धारा 3 ॲम्पिअर. मुलाने ते वहीत उतरवलंसुद्धा. पुस्तकातलं उत्तर निघालं 1.5.

त्या रात्री सगळ्या जोडण्या कागदावर काढून बघितल्या. बॅटरीचा अंतर्गत रोध सोडून दिला तर हे तीन रोध आठ प्रकारे जोडता येतात आणि 2 ओहममधली धारा सात वेगवेगळी निघते: 1, 1.09, 1.5, 2, 2.4, 3 किंवा 6. म्हणजे माझं गणित बरोबर होतं, फक्त ते त्या मुलाचं नव्हतं.

नवीन माणूस अशा वेळी ‘माहिती अपुरी आहे’ एवढंच लिहून मोकळा होतो. त्यावर मुलगा तोच प्रश्न पुन्हा टाइप करून पाठवतो, कारण काय राहिलंय हे त्याला कळतच नाही. आकृती त्याच्या डोळ्यांसमोर असते ना! मी आता असं लिहितो: ‘मला आकृती दिसत नाहीये. 2 ओहमची दोन्ही टोकं थेट बॅटरीला जातात का?’ ‘हो’ आलं की उत्तर 6 ॲम्पिअर; मग 3 आणि 6 एकमेकांना कसे जोडलेत याने फरक पडत नाही. ‘नाही’ आलं तर म्हणतो, ‘बॅटरीच्या धन टोकापासून तारेवर बोट ठेव. पहिला फाटा कुठे फुटतो आणि प्रत्येक फाट्यावर काय काय लागतं, ते ओळीने सांग.’ त्या मुलाला हे विचारलं असतं तर तो म्हणाला असता, ‘सर, लगेच दोन फाटे. एकावर 2 आणि 6, दुसऱ्यावर 3.’ मग 12 भागिले 8, झालं 1.5.

फोटो मागितला तरी मुलं नेमका प्रश्नच कापून पाठवतात. ‘प्रश्न 5 ते 7 साठी’ ही वरची ओळ त्यात नसते, आणि खरी माहिती तिथेच असते. म्हणून ‘अख्ख्या पानाचा काढ’ असं सांगायचं. पान नंबरावर विसंबू नका, आवृत्ती बदलली की तो सरकतो. ‘मागील उदाहरणातील तार’ असं आलं तर ते उदाहरण पूर्ण मागवा, नुसतं त्याचं उत्तर नको. एकदा मुलाने स्वतःचंच चुकलेलं उत्तर पाठवलं होतं.

पुस्तकामागचं उत्तर मी विचारतो, पण शेवटी. 1.5 असेल तर जोडणी एकच निघते. 6 असेल तर दोन जोडण्या बसतात, तेव्हा पुन्हा बोट तारेवर.