गोडा मसाला ऑनलाइन विकायचाय: मार्केटप्लेस की स्वतःची साइट, हिशोब कसा मांडावा

मी गेली सहा वर्षं घरचा गोडा मसाला ऑनलाइन विकते. आधी मार्केटप्लेसवर, नंतर स्वतःच्या साइटवर आणि आता दोन्हीकडे. या विषयावर जो सल्ला मिळतो तो एका वाक्याचा असतो: "मार्केटप्लेस कमिशन खातात, स्वतःची साइट काढा." निव्वळ या वाक्यावर साइट काढणारे तिघे मला माहीत आहेत. तिघांनीही वर्षाच्या आत ती बंद केली, कारण एका पाकिटामागे हातात किती पडतात हे त्यांनी एकदाही कागदावर लिहिलं नव्हतं. ते कसं लिहायचं तेच इथे सांगते.

१. कागदपत्रं

एफएसएसएआयची खाद्य नोंदणी, पाकिटावरचं लेबल, बँक खातं हे झालेलं असणार असं धरते. जीएसटीबद्दल एवढंच ध्यानात ठेवा: स्वतःच्या साइटवरून राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. मार्केटप्लेसवर फक्त आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला 1 ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणीविना, पोर्टलवरून फक्त एनरोलमेंट क्रमांक घेऊन विकता येतं.

२. एका ऑर्डरचा हिशोब

मी अडकले ती याच पायरीवर, म्हणून इथे सावकाश जाऊ.

मार्केटप्लेसच्या दरपत्रकात सगळ्यांची नजर कमिशनवर जाते. कमिशन हा कपातीचा एक तुकडा आहे. त्याशिवाय दर ऑर्डरला एक ठरावीक शुल्क असतं, वजनावर आणि अंतरावर ठरणारं पाठवणी शुल्क असतं, आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. दर वर्गवारीनुसार वेगळे असतात आणि बदलत राहतात, म्हणून खालचे आकडे नमुना म्हणून घ्या आणि त्या जागी मार्केटप्लेस पाठवतं त्या सेटलमेंट रिपोर्टमधले भरा.

माझं 250 ग्रॅमचं पाकीट ग्राहकाला 315 रुपयांना पडतं. त्यातले 15 रुपये जीएसटीचे, म्हणजे माझी विक्री 300 ची. कमिशन 10 टक्के धरलं तर 31.50, ठरावीक शुल्क 20 आणि दूरच्या राज्यात पाठवणी 75. एकूण 126.50, त्यावर जीएसटी 22.77. शिवाय मार्केटप्लेस जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का (1.50) आणि आयकराचा टीडीएस 0.1 टक्का (30 पैसे) कापतं. खात्यात जमा होतात 163.93 रुपये.

पहिल्या महिन्यात हा आकडा पाहून मी हबकले होते. 315 मधले 151 गेले! पण इथेच लोक उलट्या बाजूची चूक करतात आणि सगळी कपात नुकसान म्हणून धरतात. शुल्कावरचा जीएसटी नोंदणी असलेल्याला इनपुट क्रेडिट म्हणून वळता होतो. टीसीएस जीएसटीच्या खात्यात जमा दिसतो, टीडीएस आयकरात वजा होतो. हे पैसे अडकतात, बुडत नाहीत. खरा खर्च 126.50 चाच. मग 300 मधून 126.50 गेले, धने-खोबरं-दगडफूल, दळण आणि पाकीट यांचे 140 गेले, खोक्याचे 12 गेले. उरले 21.50.

एवढ्या बारीक नफ्यात खोक्याचं माप चुकलं तर काय होतं, ते मी चार महिने भोगलंय. पार्सलचं वजन काट्यावर जेवढं भरतं तेवढंच धरलं जातं असं मी समजत होते. कुरिअर आणि मार्केटप्लेस खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात. येणारं वजन आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लावतात. माझ्याकडे 25 × 20 × 10 ची तयार खोकी होती. गुणाकार 5000, भागाकार 1. अडीचशे ग्रॅम मसाल्याला मी किलोचं भाडं भरत होते. वरच्या हिशोबात पाठवणी 75 ऐवजी 115 झाली की 21.50 चा नफा जाऊन दर पाकिटामागे 18.50 चा तोटा होतो. विक्री वाढली म्हणून घरात पेढे वाटले, आणि नेमक्या त्याच महिन्यात खड्डा सर्वांत मोठा पडला होता.

आता 18 × 12 × 6 चं खोकं वापरते. त्याचा हिशोब 260 ग्रॅमच्या आत येतो आणि भरलेलं पार्सल काट्यावर साधारण 310 ग्रॅम भरतं, म्हणजे अर्ध्या किलोच्या स्लॅबमध्ये निवांत बसतं. पहिल्या पार्सलचा काट्यावर ठेवून फोटो काढा, मोजपट्टी लावून तिन्ही बाजूंचे काढा. गोदामात चुकीचं माप नोंदलं जातं तेव्हा तक्रारीला हेच पुरावे लागतात. चूक ओळखायची खूण सोपी आहे: सेटलमेंट रिपोर्टमध्ये एकाच मालाची पाठवणी एकाच अंतराला वेगवेगळी दिसली की वजनाचा घोळ आहे. दर आठवड्याला पाहा, कारण तक्रारीची मुदत फार थोडी असते.

३. तोच हिशोब स्वतःच्या साइटवर

इथे कमिशन नाही. पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेचे 2 टक्के धरले तर 6.30, कुरिअर 80. 300 मधून हे, आणि माल व खोक्याचे 152 गेले की उरतात 61.70. इथपर्यंतच हिशोब दाखवणाऱ्याचं ऐकू नका.

साइटवर गिऱ्हाईक आपोआप येत नाही. मी एका महिन्यात 6000 रुपयांच्या जाहिराती केल्या आणि 40 नवीन ऑर्डरी आल्या. म्हणजे एक नवं गिऱ्हाईक 150 ला पडलं. 61.70 मधून 150 वजा केले तर पहिल्या ऑर्डरला 88.30 चा तोटा. साइटचा महिन्याचा खर्च वेगळाच, माझा दोनेक हजार होतो. मार्केटप्लेसच्या 126.50 मध्ये गिऱ्हाईक शोधून आणण्याची किंमतही आहे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

मग साइट परवडते कधी? तेच गिऱ्हाईक परत आलं की. आणि परत येताना एक नाही, तीन पाकिटं घेऊन गेलं की. तीन पाकिटांचे जीएसटी सोडून 900, त्यातून मालाचे 420, खोक्याचे 18, एक किलोच्या स्लॅबचं कुरिअर 110 आणि गेटवेचे 18.90. उरतात 333.10. पहिल्या वेळचा तोटा भरून निघून हातात जवळपास 245 राहतात. म्हणून माझ्या साइटवर एकटं पाकीट ठेवलेलंच नाही. गोडा मसाला, मेतकूट आणि काळा मसाला असा तिघांचा संच आहे, किंवा कुठल्याही एकाची तीन पाकिटं.

कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला ठेवू नका. पार्सल परत आलं तर जाण्याचं भाडं आणि येण्याचं भाडं दोन्ही तुमच्या माथी. लोक म्हणतात त्याशिवाय विक्री होत नाही. मी यूपीआयवर चालवते आणि रात्री झोप लागते.

४. डोमेन

स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने घ्या. साइट बनवणाऱ्याच्या खात्यात डोमेन असेल तर तुमचं दुकान त्याच्या जागेत उभं आहे. माझं पहिलं डोमेन असंच गेलं.

५. गिऱ्हाइकांची वही

साइटचा सगळा हिशोब परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर उभा आहे, तर ते कोण हे तुम्हाला माहीत हवं. मार्केटप्लेसवर ते कळत नाही. पार्सलवर चिकटवायला पत्ता मिळतो, पण फोन आणि ईमेल बहुधा झाकलेले असतात, आणि त्या पत्त्याचा वापर ऑर्डर पोचवण्यापुरताच करायचा अशी अट असते. तीन वर्षं विकून माझ्याकडे हजारो पार्सलांची नोंद होती आणि ज्याला हक्काने निरोप पाठवता येईल असं एकही गिऱ्हाईक नव्हतं.

तेव्हा मी पार्सलमध्ये चिठ्ठी घातली: पुढच्या वेळी थेट आमच्या साइटवरून घ्या, दहा टक्के सूट. हे अजूनही "हुशारीची युक्ती" म्हणून सांगितलं जातं. करू नका. मार्केटप्लेसच्या नियमांत हे बसत नाही. माझं खातं अकरा दिवस बंद राहिलं, आणि ते ऐन दिवाळीच्या आधीचे होते. दळलेला मसाला घरात पडून होता.

सरळ मार्ग आहे, फक्त सावकाश चालणारा. पाकिटबंद मालाच्या लेबलवर तक्रारीसाठी पत्ता, फोन आणि ईमेल द्यावाच लागतो. तो ठळक आणि वाचता येईल असा छापा, ब्रँडचं नाव स्पष्ट ठेवा. ज्याला चव आवडते तो स्वतःहून फोन करतो. माझ्या साइटची पहिली शंभर गिऱ्हाइकं बरीचशी अशीच आली. त्यातल्या नाशिकच्या एका आजींनी फोन करून सांगितलं होतं, "अगं, नागकेशर थोडं जास्त झालंय या वेळी." मार्केटप्लेसवर त्याच बॅचला दोन तारे मिळाले होते, कारण न लिहिता.

साइटवर ऑर्डर आली की नाव, मोबाइल, काय घेतलं, कधी घेतलं आणि निरोप पाठवायला परवानगी दिली का, एवढंच लिहून ठेवा. परवानगीची चौकट ऑर्डरच्या पानावर वेगळी ठेवा आणि तिच्यात आधीच खूण करून ठेवू नका. वैयक्तिक माहितीचा 2023 चा कायदा संमतीवर उभा आहे; कुणी नाव काढा म्हटलं तर मी त्याच दिवशी काढते. शॉपिफायवर साइट असेल तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला `Customers` मध्ये जाऊन `Export` करा आणि ती फाइल घरच्या संगणकावर ठेवा.

६. कुठे काय ठेवायचं

मार्केटप्लेसवर एकटं पाकीट, किंमत अशी की सगळं जाऊन वीस तरी उरावेत. अनोळखी माणसाला चव तिथेच कळते. साइटवर संच. घरात चार माणसं असतील तर 250 ग्रॅम मसाला साधारण दोन महिने पुरतो आणि तिघांचा संच त्याहून जास्त, म्हणून संचावाल्याला मी ऐंशीव्या दिवशी निरोप पाठवते. निरोप दोन ओळींचा असतो: नवीन मसाला कुठल्या तारखेला दळणार आणि कितीपर्यंत ऑर्डर घेणार. सूट देत नाही. दळणाची तारीख कळवली की ऑर्डरी येतात.