पैठणीच्या फ्लेक्सवर चेहरा कोणाचा लावावा?

नाशिकच्या मेन रोडवरच्या एका पैठणीच्या दुकानाला लग्नसराईसाठी फ्लेक्स हवा आहे, असे मानू या. डिझायनर संध्याकाळपर्यंत नमुना पाठवतो आणि त्यात एक प्रसिद्ध अभिनेत्री नऊवारीत उभी दिसते. फोटो इंटरनेटवर सहज मिळाला, सगळेच वापरतात, एवढेच त्याचे उत्तर असते. छपाईला होकार देण्याआधी दुकानदाराने काय तपासावे आणि त्याऐवजी काय करावे, ते येथे मांडले आहे.

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की अशा एका फोटोवर दोन वेगवेगळे हक्क असतात. चेहरा त्या व्यक्तीचा असतो. फोटोचा कॉपीराइट मात्र छायाचित्रकाराकडे किंवा ज्याने पैसे देऊन फोटो काढून घेतला त्याच्याकडे असतो. टायटन विरुद्ध रामकुमार ज्वेलर्स या खटल्यात 2012 साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर नेमका हाच प्रश्न आला होता. तनिष्कच्या जाहिरातीसाठी अमिताभ आणि जया बच्चन यांचे काढलेले छायाचित्र एका सराफाने आपल्या होर्डिंगवर लावले होते. न्यायालयाने कंपनीचा कॉपीराइट आणि त्या दोघांचा आपल्या ओळखीवरचा हक्क, हे दोन्ही मान्य केले. भारतात या ओळखीच्या हक्कासाठी स्वतंत्र कायदा नसला, तरी न्यायालये तो हक्क राखतात आणि आपले दुकान लहान आहे ही सबब तिथे पुरत नाही.

म्हणून पहिली पायरी अशी, की डिझायनरकडून फोटोचा उगम लेखी मागावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेशही चालेल, पण त्यात फोटो कोठून घेतला आणि परवाना कोणता, हे स्पष्ट असावे. ‘गुगल लेन्स’मध्ये नमुना टाकला की मूळ फोटो बहुतेक वेळा लगेच सापडतो. फोटो विकणाऱ्या संकेतस्थळावरून तो पैसे भरून घेतला असेल, तरीही परवाना वाचावा, कारण नामवंतांच्या फोटोंवर अनेकदा ‘Editorial use only’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ तो बातमी किंवा लेखासोबत छापता येतो, जाहिरातीत नाही. पावती हातात आहे म्हणून निर्धास्त राहणारे नेमके येथेच फसतात.

दुसरा मोह असतो तो हुबेहूब दिसणाऱ्या माणसाचा. तो स्वतःच्या चेहऱ्याची संमती देऊ शकतो, पण तुम्ही वापरत असता ती ओळख त्याची नसते. वरील खटल्यात न्यायालयाने कसोटी लावली ती ओळख पटण्याची: पाहणाऱ्याला ती प्रसिद्ध व्यक्ती कोण, हे सहज कळते का? ही कसोटी घरीच घेता येते. दुकानाचे नाव झाकून नमुना पाच अनोळखी लोकांना क्षणभर दाखवावा; त्यांच्या तोंडी त्या कलाकाराचे नाव आले, तर तो नमुना सोडून द्यावा. खाली बारीक अक्षरांत ‘ही ती व्यक्ती नाही’ असे छापून भागत नाही, कारण द्वारका चौकातून गाडीवर जाणाऱ्याला ती ओळ दिसतच नाही.

शिवजयंतीच्या सुमारास आणखी एक चूक सर्रास होते. बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराविरुद्धच्या 1950 च्या कायद्यानुसार छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि पंतप्रधान यांचे नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाही. हेतू आदराचा असला, तरी विक्रीच्या जाहिरातीत ते घेऊ नये.

आता पर्यायाकडे वळू. पैठणी विकायला चेहरा लागतोच असे नाही, असे माझे ठाम मत आहे. येवल्यात मागावर बसलेल्या विणकराचे हात, पदरावर अर्धा विणून झालेला मोर आणि त्यात अडकलेल्या रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या एवढे जवळून टिपले, तर अस्सल मालाची खूण त्यातच दिसते. चेहरा हवाच असेल, तर तुमच्याकडून पैठणी घेतलेल्या ग्राहक ताईंना विचारावे. मात्र तोंडी ‘हो’वर थांबू नये. संमतीपत्र साध्या मराठीत, साधारण असे असावे:

“सोबत जोडलेला माझा फोटो या दुकानाच्या फ्लेक्सवर, वर्तमानपत्रात आणि इन्स्टाग्रामवर आजपासून एक वर्ष वापरण्यास माझी संमती आहे. त्याबद्दल ठरलेला मोबदला मला मिळाला आहे. इतर कोणत्याही कामासाठी किंवा दुसऱ्या दुकानासाठी तो वापरू नये.”

खाली तारीख आणि सही घ्यावी, मॉडेल अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची सही घ्यावी, आणि एक प्रत त्यांनाही द्यावी. छायाचित्रकाराकडूनही जाहिरातीत वापरण्याची परवानगी त्याच्या बिलावर लिहून घ्यावी. म्हणजे सुरुवातीला सांगितलेले दोन्ही हक्क कागदावर येतात.

उसना चेहरा आधीच लागलेला असेल, तर फ्लेक्स आणि ऑनलाइन पोस्ट त्याच दिवशी काढावी, डिझायनरचे संदेश व बिल जपून ठेवावे आणि नोटीस आलीच तर तिला स्वतः उत्तर न देता दिलेल्या मुदतीच्या आत वकिलांकडे जावे.