‘तिला त्या नेऊन दे’: इटालियनमध्ये ल्येले, ल्येलो कुठे ठेवायचं?

एकच वाक्य घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. ‘पोर्ता ले क्यावी आ जूलिया’, म्हणजे ‘जूलियाला किल्ल्या नेऊन दे.’ यातली ‘जूलियाला’ आणि ‘किल्ल्या’ ही दोन्ही नामं काढून सर्वनामं घातली की मराठीत होतं ‘तिला त्या नेऊन दे’. इटालियनमध्ये गंमत अशी की ‘तिला’ म्हणजे ‘ले’ आणि ‘त्या’ म्हणजेही ‘ले’. पण ‘ले ले’ असं कुणी म्हणत नाही.

पहिली पायरी: जोडी बनवा. क्रम मराठीसारखाच आहे. आधी ‘कुणाला’, मग ‘काय’. ‘त्याला’ (ल्यी) असो की ‘तिला’ (ले), पुढे दुसरं सर्वनाम आलं की दोघांचंही ‘ल्ये’ होतं आणि ते पुढच्याला चिकटतं. म्हणून ले + ले = ल्येले. स्पेलिंग जी-एल-आय-ई-एल-ई, पण उच्चारात ‘ग’ नाही. बोलीत ‘त्यांना’साठीही हेच वापरतात, त्यामुळे नुसत्या ‘ल्येले’वरून त्याला, तिला की त्यांना ते कळत नाही. संदर्भ नसेल तर ‘आ लेई’ (तिला) असं वेगळं सांगावं लागतं.

शेवटचा स्वर वस्तूचं लिंग-वचन सांगतो, आणि आपण अडखळतो ते इथेच. मराठीत पुस्तकही ‘ते’ आणि पत्रही ‘ते’. इटालियनमध्ये पुस्तक (लीब्रो) पुल्लिंगी, म्हणून ल्येलो. पत्र (लेत्तेरा) स्त्रीलिंगी, म्हणून ल्येला. किल्ली तेवढी दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहे, म्हणून मी ती निवडली.

दुसरी पायरी: धातुरूपाला जोडा. पोर्तारे (नेऊन देणे) याचा शेवटचा ‘ए’ गाळा आणि जोडी मागे चिकटवा: पोर्तार्ल्येले. सगळा एकच शब्द. ‘मला तिला त्या नेऊन द्यायला हव्यात’ हे दोन प्रकारे म्हणता येतं: ‘देवो पोर्तार्ल्येले’ किंवा ‘ल्येले देवो पोर्तारे’. दोन्ही बरोबर. मात्र जोडी फोडून अर्धी पुढे आणि अर्धी मागे, म्हणजे ‘ले देवो पोर्तार्ले’, असं करू नका. दोन्ही क्रियापदांच्या मधे सुटी ठेवून ‘देवो ल्येले पोर्तारे’ म्हणणंही चूकच.

ही पुढे उडी मारायची मुभा ‘पाहिजे’, ‘शकणे’, ‘इच्छिणे’ अशा मोजक्या क्रियापदांपुरती आहे. ‘स्पेरो दी पोर्तार्ल्येले’ (तिला त्या नेऊन देईन अशी आशा आहे) यात जोडी मागेच राहते.

तिसरी पायरी: आज्ञा. ‘तू’ला सांगताना जोडी मागे: पोर्ताल्येले! ‘तुम्ही’ अनेकजण असाल तर पोर्तातेल्येले, आणि ‘आपण सगळे मिळून नेऊन देऊ या’ असेल तर पोर्त्यामोल्येले. शब्द लांबला तरी आघात मूळ जागीच राहतो. पोर्ताल्येलेमध्ये जोर ‘पोर्’वर द्यायचा. नवशिके तो शेवटाकडे ढकलतात आणि ऐकणाऱ्याला क्रियापदच ओळखू येत नाही.

दा (दे), दी (सांग), फा (कर) अशी एकाक्षरी रूपं पुढच्या सर्वनामाचं व्यंजन लिखाणातही दुप्पट करतात: दाम्मेलो (मला ते दे), दीम्मेलो (मला ते सांग). ल्ये आला की स्पेलिंगमध्ये काहीच वाढत नाही: दाल्येले.

आता आदरार्थी. शेजारच्या बाईंना ‘सिन्योरा’ म्हणत असाल तर ‘ल्येले पोर्ती’, म्हणजे जोडी पुढे आणि सुटी. कारण हा खरा आज्ञार्थ नाहीच. आपण ‘आपण तिला त्या नेऊन द्याव्यात’ म्हणतो तेव्हा विध्यर्थ वापरतो ना, तसंच काहीसं इटालियनही करतं. रूप आज्ञार्थाचं नसल्यामुळे मागे चिकटवायचा नियम त्याला लागत नाही. ‘पोर्तील्येले’ ऐकलं की बोलणारा ‘तू’चा नियम ‘आपण’ला लावतोय हे लगेच कळतं.

चौथी पायरी: नकार. ‘नेऊन देऊ नकोस’ म्हणताना मराठीतही मुख्य क्रियापद आज्ञार्थात राहत नाही, ‘देऊ’ होतं. इटालियनमध्ये ‘तू’च्या नकारात ‘नोन’नंतर सरळ धातुरूप येतं, म्हणून जोडीला दोन जागा मिळतात: ‘नोन पोर्तार्ल्येले’ किंवा ‘नोन ल्येले पोर्तारे’. अनेकजणांना सांगतानाही दोन्ही चालतात: ‘नोन पोर्तातेल्येले’ किंवा ‘नोन ल्येले पोर्ताते’. आदरार्थीत मात्र फक्त पुढे: ‘नोन ल्येले पोर्ती’.

सरावासाठी हेच वाक्य किल्ल्यांऐवजी पत्र घालून पुन्हा म्हणून पाहा. पोर्ताल्येला, पोर्तार्ल्येला, ल्येला पोर्ती. जागा एकही हलत नाही, फक्त शेवटचा स्वर बदलतो.