'आपल्या सवडीने' लिहिलं आणि अडीच आठवडे गेले

भाषांतराच्या कामाला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. पुण्याजवळच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे ईमेल मी फ्रेंचमध्ये करून द्यायचे. समोर लिओंच्या एका ग्राहक कंपनीतल्या इंजिनिअर बाई होत्या. त्यांच्याकडून एका ड्रॉइंगची मंजुरी हवी होती, त्याशिवाय टूलिंगचं काम सुरू होणार नव्हतं. साहेबांनी मराठीत मजकूर दिला:

"आदरणीय मॅडम, सविनय नमस्कार. आपण अत्यंत कामात असता याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे, तरीही आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमस्व. ३ तारखेला पाठवलेल्या ड्रॉइंगवरून मॅडमची नजर फिरली असेलच. आपल्या सवडीने मंजुरी दिलीत तर फार उपकार होतील. काही चूकभूल झाली असल्यास पदरात घ्यावी."

मराठीत यात काहीच वावगं नाही. पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात हे वाचणाऱ्याला लगेच कळतं की माणूस घाईला आला आहे. मी ते वाक्यागणिक फ्रेंचमध्ये उतरवलं. 'आपल्या सवडीने'ला 'आ व्होत्र काँव्हनाँस' हा शब्दकोशातला चोख पर्याय ठेवला. बाईंनी तो शब्दशः घेतला: तुम्हाला जमेल तेव्हा. मंजुरी आली अडीच आठवड्यांनी, आणि उशिराबद्दल एक शब्दही नव्हता. का असावा? सवड आम्हीच दिली होती.

बाकीच्या वाक्यांची गत याहून वाईट होती, ते मला नंतर एका अनुभवी भाषांतरकार बाईंनी समजावलं. 'आपण फार कामात असता याची कल्पना आहे' हे फ्रेंचमध्ये, उत्तर न आलेल्या पत्रात, टोमण्यासारखं लागतं. 'उपकार होतील'साठी मी 'फाव्हर' वापरलं होतं. त्यातून असं ध्वनित होतं की नियमात न बसणारं काहीतरी आम्ही पदरात पाडून घेऊ पाहतोय. मंजुरी देणं हे तर बाईंचं रोजचं काम. आणि 'मॅडमची नजर फिरली असेलच' हे मी भाबडेपणाने तृतीय पुरुषातच ठेवलं होतं. आपल्याकडे 'साहेबांनी वेळ द्यावा' असं साहेबांच्या तोंडावर म्हणणं अदबीचं. फ्रेंचमध्ये समोरच्या माणसाला 'मादाम'ने तृतीय पुरुषात संबोधणं ही जुन्या घरगड्यांची भाषा, 'मादामचं जेवण तयार आहे' या थाटाची. म्हणजे आमचा डिझाइन विभाग त्या ईमेलमध्ये हातावर नॅपकिन टाकून उभा होता.

मराठी पत्रात अदब सगळीकडे पसरलेली असते, क्रियापदाच्या आदरार्थी रूपात, दर वाक्यातल्या 'सर'मध्ये, 'कृपया'मध्ये, क्षमायाचनेत. फ्रेंच पत्रात ती मायन्यात, शेवटात आणि विनंतीच्या क्रियापदात असते. मधला मजकूर सरळ असतो. हा सरळपणा त्यांना कोरडा वाटत नाही, उलट तोच वाचणाऱ्याच्या वेळेचा मान. त्यामुळे अदब किती टक्के कमी करायची हा प्रश्नच चुकीचा आहे, ती उचलून कुठे ठेवायची एवढंच बघायचं.

तोच ईमेल आज मी असा करेन. मायना 'बाँजूर मादाम'. 'आदरणीय' नाही, आणि ओळख नसेल तर 'शेर' म्हणजे 'प्रिय' पण नाही. मग 'ज म पेर्मे द रव्हनीर व्हेर व्हू', म्हणजे '३ तारखेच्या ड्रॉइंगबाबत पुन्हा लिहिण्याची मुभा घेते'. तसदीबद्दलची सगळी दिलगिरी या 'ज म पेर्मे'त मावते, वेगळी माफी लागत नाही. पुढे 'सोफ एरर द मा पार, आपली मंजुरी अजून मिळालेली नाही.' हा तुकडा मला फार आवडतो. 'माझ्याकडून काही चूक होत नसेल तर' असा त्याचा अर्थ, आपल्या 'चूकभूल द्यावी घ्यावी'चा सख्खा भाऊ. फरक इतकाच की आपण ते शेवटी लिहितो आणि फ्रेंच माणूस नेमकं तिथे लिहितो जिथे समोरच्याची चूक दाखवायची असते.

त्यानंतर विनंती: 'पुरिए-व्हू', 'देऊ शकाल का', संकेतार्थात. आणि लगेच तारीख आणि कारण: २० तारखेपर्यंत, म्हणजे आम्हाला टूलिंग सुरू करता येईल. तारीख लिहिताना मराठी हात अडखळतो, आपल्याला ते साहेबांना हुकूम सोडल्यासारखं वाटतं. पण संकेतार्थ क्रियापदाने नम्रतेचं काम आधीच केलेलं असतं, आणि कारण दिलं की तारीख उद्धट राहत नाही. शेवटी एक ओळ आभाराची आणि 'बियँ कोर्दियालमाँ'. नुसतं 'कोर्दियालमाँ' चालतं, पण काहींना ते जरा थंड वाटतं.

उलट्या दिशेचाही एक सापळा आहे. 'मेर्सी द' लावून पुढे क्रियापद, जसं 'पाठवल्याबद्दल धन्यवाद', हे आपल्याला गोड वाटतं. पण काम व्हायच्या आधीच आभार मानल्यामुळे ते अनेकांना सूचनावजा लागतं. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला लिहिताना मी ते टाळते. जास्तच आदर दाखवायचा असेल तर 'ज व्हू सोरे ग्रे द बियँ व्हुल्वार', म्हणजे 'आपण तसे केल्यास ऋणी राहीन'. आपल्या 'उपकार होतील'च्या जागी हे बसतं आणि लाचारही वाटत नाही. फक्त 'सोरे'च्या जागी 'सरे' लिहू नका. हे क्रियापद 'असणे' नसून 'जाणणे' आहे, फ्रेंच लोकही इथे सर्रास चुकतात. शेवटचे दोन शब्दही उलटे करू नका: 'व्हुल्वार बियँ' ही सरकारी कारभारातली वरून खाली येणारी भाषा मानली जाते.

कागदी पत्रासाठी, नोकरीच्या अर्जासाठी मात्र लांब शेवट लागतो, 'ज व्हू प्री दाग्रेए, मादाम, मे साल्यूतास्याँ दिस्तँगे'. नवख्याला हे चापलूसीचं वाटतं, पण आपल्या 'आपला विश्वासू'कडे कोण निष्ठेची शपथ म्हणून बघतं? मायन्यात जे संबोधन असेल तेच इथे अक्षरशः पुन्हा येतं. 'उत्तराच्या प्रतीक्षेत' असं आधी जोडायचं असेल तर पुढे 'ज व्हू प्री'च हवं. 'व्हये आग्रेए' हे आज्ञार्थी रूप घेतलंत तर व्याकरणाने उत्तराची वाट बघणारा माणूस पत्र वाचणारा ठरतो.

राहिले आपले साहेब. नवा मसुदा पाहून ते म्हणाले, "अहो, पाच ओळी? नमस्कार कुठे गेला?" तेव्हापासून मी भाषांतराबरोबर एक वेगळा कागद देते. त्यावर मराठीतला प्रत्येक आदराचा शब्द आणि तो फ्रेंचमध्ये कुठल्या तुकड्यात गेला ते लिहिलेलं असतं. 'अमूल्य वेळ'समोर लिहिते: 'ईमेल पाच ओळींत संपवला.'